पूल, पाणी आणि पेन्सिलीची रेघ

गेल्या वीकेंडला ठरवलेलं एकही काम झालं नाही. दोन्ही दिवस एका चित्राच्या मागे गेले.

माझा दादा भामरागड तालुक्यात शिक्षक आहे. आमचं घर चंद्रपूरचं, मी पोटापाण्यासाठी पुण्यात. दादाच्या आठ वर्षांच्या लेकीने भामरागडचं चित्र काढलं: इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या, त्यांचा संगम आणि पर्लकोटेवरचा पूल. क्रेयॉनने रंगवलेलं. ते ए-फोर आकारात छापून, फ्रेम करून आईला चंद्रपूरला द्यायचं असा बेत होता. वहिनीने मोबाईलवर फोटो पाठवला. त्यात चार घड्यांच्या खुणा, एका कोपऱ्यात चहाचा गोल डाग, सगळीकडे पेन्सिलीच्या कच्च्या रेघा आणि उजवीकडे वहिनीच्या हाताची सावली!

मला वाटलं, तासाभराचं काम आहे. पण करता करता जुने छापखानेवाले हे कसं करत असतील असा प्रश्न पडला, आणि मग वाचत बसलो.

आधी एक गंमत. 1878 साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा सुरू केली, तेव्हा चित्रं शिळाछापावर निघत. म्हणजे कारागीर मूळ चित्र समोर ठेवून दगडावर तेलकट शाईने ते पुन्हा काढायचा. अशा पद्धतीत डाग काढायचा प्रश्नच येत नाही, कारण डागाची नक्कल कोण कशाला करेल? पण त्याचबरोबर मूळ हातही जायचा. आमच्या पोरीचा वाकडा पूल त्याने नक्की सरळ केला असता.

मग फोटोवरून ठसे बनू लागले आणि डाग, घड्या, बोटांचे ठसे, सगळं कॅमेऱ्याला दिसायला लागलं. फक्त त्या वेळच्या कॅमेऱ्याची नजर आपल्यासारखी नव्हती. सुरुवातीच्या फोटो-काचांना निळा प्रकाशच काय तो कळायचा. 1873 मध्ये हेरमान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने काचेच्या लेपात रंगद्रव्य मिसळून ती हिरव्या-पिवळ्यापर्यंत जागी केली, तरी लाल तिला काळाच दिसे. रेखाचित्रांसाठी छापखान्यात पुढे कितीतरी वर्षं अशीच लाल न दिसणारी फिल्म चालली. तिला लाल रेघ म्हणजे काळी रेघ, आणि फिकट निळी रेघ म्हणजे कोरा कागद.

व्यंगचित्रकारांनी याचा मस्त फायदा घेतला. कच्चं चित्र फिकट निळ्या पेन्सिलीने काढायचं, वर काळी शाई फिरवायची आणि काहीही न खोडता छापखान्यात द्यायचं. निळं आपोआप गायब! आता विचार करा, आमचं चित्र तेव्हा अशा ठशासाठी गेलं असतं तर पहिल्यांदा काय उडालं असतं? तिन्ही नद्या! आकाशी क्रेयॉनच्या होत्या ना.

उरलेली घाण हाताने काढत. निगेटिव्हमध्ये डाग आणि घडीची सावली पारदर्शक दिसते. ती काच उजेडाच्या टेबलावर ठेवून, बारीक ब्रशने अपारदर्शक रंग लावून एकेक ठिपका बुजवायचा. एका पानाला किती वेळ जात असेल, कल्पना करा.

असो. आता माझं काम. पहिला धडा असा, की घडी सॉफ्टवेअरमध्ये काढायची नसते, उजेडात काढायची असते. उजेड एकाच बाजूने आला की घडीची एक बाजू उजळते आणि दुसरीवर सावली पडते. जुने लोक म्हणूनच दोन्ही बाजूंनी सारखे दिवे लावत. वहिनीला म्हटलं, ढगाळ उजेडात, व्हरांड्यात, कागद सपाट ठेवून पुन्हा फोटो काढ, आणि चित्र उचलून त्याच जागी एक कोरा कागद ठेवून त्याचाही काढ. (ती इस्त्री करायला निघाली होती. क्रेयॉन म्हणजे मेण! थोडक्यात वाचलो.) आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप तो लहान करून टाकतं.

कोऱ्या कागदाचा फोटो कशाला? गिंपमध्ये तो चित्रावर लेयर म्हणून ठेवला आणि मोड `Divide` केला. कागद जिथे जितका अंधारा, तिथे चित्र तितकंच उजळतं. सावली गेली. नेटवर चित्राचीच धूसर प्रत वापरायची युक्ती सापडते, ती नुसत्या रेघांच्या चित्राला ठीक. रंग भरलेल्या नदीचं मात्र मधलं पाणी पांढुरकं पडतं, मी करून पाहिलं. घडीवर जिथे कागदाचे तंतू तुटून रंग उडालाय, तिथे उजेडाचा उपयोग नाही. तेवढ्याच बारीक पट्ट्या `Heal` ने भरल्या.

चहाच्या डागाला जुनी फिल्मच आठवली. डाग पिवळट-तपकिरी, म्हणजे तो निळा प्रकाश खातो. `Decompose` करून तीन चॅनेल वेगळे पाहिले: निळ्यात डाग काळाकुट्ट, लाल चॅनेलमध्ये जवळजवळ नाहीच. जुनी फिल्म निळ्याच बाजूची, म्हणून तिला हा डाग ठळक दिसला असता. डाग कोऱ्या कागदावर होता, म्हणून तेवढ्या तुकड्यात लाल चॅनेल वापरला. पूर्ण चित्राला तसं केलं असतं तर चित्र करडं झालं असतं आणि लाल क्रेयॉनचा सूर्यही डागाबरोबर गेला असता.

खरी पंचाईत पेन्सिलीची. शिसं करडं, तिन्ही चॅनेलमध्ये सारखंच दिसतं, म्हणजे रंगाची युक्ती बाद. `Levels` मध्ये पांढऱ्याची सीमा खाली ओढली तर पेन्सिल जाते, पण पिवळ्या क्रेयॉनचं गवतही जातं, कारण तेही तितकंच उजळ. शेवटी एचएसव्हीमध्ये फोडलं आणि एस, म्हणजे रंगाचा गडदपणा, पाहिला. क्रेयॉनला रंग आहे, पेन्सिलीला नाही. जे रंगहीन आहे आणि कागदापेक्षा काळपट आहे ते निवडायचं आणि कागदाच्या रंगाने भरायचं. झकास जमलं. काही राहिलंय का बघायला `Levels` तात्पुरते एकदम काळे केले. मॉनिटरवर न दिसणारे डाग आणि ब्रशचे ठिपके तेव्हा लगेच वर येतात.

मी खूश होऊन फाइल पाठवली. पाच मिनिटांत फोन. पुतणीच होती.

"काका, पाणी कुठं गेलं?"

"अगं, आहे की, निळं निळं."

"ते नाही. पुलाच्या वरचं."

मूळ फोटो उघडला. पुलाच्या कठड्याच्या वर एक लांब, फिकट पेन्सिलीची रेघ होती, कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मी ती कच्ची समजून पुसली होती. पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी पुलावरून जातं आणि भामरागडचा रस्ता बंद होतो. त्या वर्षी पाणी जिथवर चढलं, ती ही रेघ. तिथे निळा रंग का नाही भरला विचारलं, तर म्हणाली, "मग पूल दिसला नसता ना!"

मास्क पुन्हा उघडून तेवढी रेघ परत आणली. दुसरी एक रेघ होती, डोंगराच्या मागे, अर्धवट खोडलेली. तिच्याबद्दलही विचारलं. ती चुकलेली होती म्हणे, ती पुसली तरी चालेल.