TRIM करूनही नावं जुळत नाहीत? दोन याद्यांमधली न दिसणारी अक्षरं अशी शोधा

तळोद्यात माझ्या मावसभावाचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. मागच्या हंगामात त्याने बिलिंगचं सॉफ्टवेअर बदललं. जुन्यातून उधारीची यादी एक्सपोर्ट केली, नव्यातून पैसे भरलेल्यांची. एक्सेलमध्ये दोन्ही जुळवायच्या आणि ज्यांचं नाव दुसऱ्या यादीत सापडत नाही त्यांना व्हॉट्सअॅपवर आठवण पाठवायची, एवढंच काम होतं. दुसऱ्याच दिवशी बोरदच्या एक काकू पावती घेऊन दुकानात हजर! पैसे केव्हाच भरलेले, तरी मेसेज गेला. चारचौघांत उधारी मागितल्यासारखं झालं म्हणून त्या चिडल्या होत्या, आणि त्यांचं बरोबरच होतं.

फाइल माझ्याकडे आली. दोन्हीकडे नाव अगदी सारखं दिसत होतं. इथे खरं नाव देत नाही, उदाहरणापुरतं आडनाव आणि गाव घेऊ: `पाडवी बोरद`. उधारीतलं नाव A2 मध्ये, भरण्यातलं E2 मध्ये. `=A2=E2` लिहिलं तर उत्तर FALSE. दोन्हींना TRIM लावलं, तरी FALSE.

मग `LEN` ने अक्षरं मोजली. इथे एक लक्षात ठेवा, काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजली जाते, म्हणून "पाडवी" चे पाच, जागेचा एक आणि "बोरद" चे चार, असे दहा. दोन्हीकडे दहाच आले! मी इथेच फसलो. लांबी सारखी म्हणजे मजकूर सारखा, असं धरून अर्धा तास स्पेलिंग तपासत बसलो. शेवटी सहाव्या जागेचा, म्हणजे मधल्या मोकळ्या जागेचा, नंबर विचारला:

```
=UNICODE(MID(A2,6,1))
```

E2 साठी उत्तर आलं 32, A2 साठी 160.

32 म्हणजे आपण स्पेसबार दाबल्यावर येते ती साधी जागा. 160 म्हणजे नॉन-ब्रेकिंग स्पेस. वेबपेजवर दोन शब्द एकाच ओळीत राहावेत म्हणून ती वापरतात, पेजच्या कोडमध्ये ती ` ` अशी लिहिलेली असते. जुनं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालायचं, रिपोर्टमधून ती तशीच फाइलमध्ये उतरली. डोळ्याला फरक शून्य. पण एक्सेलचं TRIM फक्त 32 नंबरची जागा ओळखतं, 160 ला हातही लावत नाही.

काही ओळींत 160 नावाच्या शेवटी होती. ती पकडणं सोपं, कारण तिथे LEN एकाने जास्त येतं. आणखी काही ठिकाणी नंबर आला 10, म्हणजे ओळ तोडणारं अक्षर. नाव भरताना कुणीतरी एंटर दाबून गाव खालच्या ओळीत लिहिलेलं. सेलमध्ये रॅप टेक्स्ट बंद असेल तर हे दिसत नाही. यासाठी बरेच जण `CLEAN` सुचवतात, पण ते 10 नंबर नुसता काढून टाकतं, जागी काही ठेवत नाही. मग "पाडवीबोरद" असं चिकटतं आणि जुळत नाही ते नाहीच.

म्हणून काढायचं नाही, साध्या जागेत बदलायचं. काही फाइलींत 10 च्या आधी 13 ही येतो, त्यालाही धरू:

```
=TRIM(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(
A2,UNICHAR(160)," "),CHAR(13)," "),CHAR(10)," "))
```

TRIM सगळ्यात बाहेर आहे ते मुद्दाम. आधी सगळ्याच्या साध्या जागा होतात, मग तो शेवटच्या आणि दुहेरी जागा उडवतो. उलट क्रमाने केलं तर शेवटची जागा राहून जाते. हा फॉर्म्युला दोन्ही याद्यांत वेगळ्या कॉलममध्ये लावा आणि त्या दोन नव्या कॉलमांवर `XLOOKUP` किंवा `VLOOKUP` चालवा. मूळ कॉलम पुसू नका. मोबाइलच्या एक्सेल अॅपमध्येही हे चालतं, फक्त लांब फॉर्म्युला टाइप करण्यापेक्षा कॉपी-पेस्ट बरा.

मराठी नावांत आणखी एक गंमत आहे. बऱ्हाटे, कुऱ्हाडे अशा नावांतला ऱ्ह काही कीबोर्ड साध्या र ने आणि मध्ये एक अदृश्य जोडणारं अक्षर घालून लिहितात. त्याचा नंबर 8205. त्यामुळे "बऱ्हाटे" एका यादीत सात अक्षरांचं, दुसरीत आठ. हे 8205 सरसकट उडवू नका, नाव "बर्हाटे" होऊन बसेल. त्याऐवजी तो तुकडाच बदला:

```
=SUBSTITUTE(A2,"र्"&UNICHAR(8205),"ऱ्")
```

एवढं करूनही आमच्या यादीत काही नावं उरलीच. एकीकडे "वळवी", दुसरीकडे "वळवि". त्याला फॉर्म्युला नाही. ती नावं भावाने वहीशी ताडून पाहिली, आणि मेसेज त्यानंतरच पाठवले.