अंगठीसाठी हिऱ्याची निवड

अंगठीसाठी हिऱ्याची निवड ही मुख्यत्वे कट, शुद्धता, रंग आणि कॅरट या चार निकषांवर व त्यांची नोंद करणाऱ्या प्रयोगशाळेच्या अहवालावर अवलंबून असते. इंग्रजीत या चारही शब्दांचे आद्याक्षर ‘सी’ असल्याने त्यांना एकत्रितपणे ‘फोर सी’ असे म्हणतात. रंगाची ‘डी’ ते ‘झेड’ ही श्रेणी आणि शुद्धतेची आजची श्रेणी अमेरिकेतील जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका (जीआयए) या संस्थेने १९५०च्या दशकात रूढ केली. १९३१ साली स्थापन झालेल्या या संस्थेची पद्धत आता बहुतेक प्रयोगशाळा थोड्याफार फरकाने वापरतात.

चार निकषांपैकी वजन समजण्यास सर्वांत सोपे असते, म्हणून पहिल्यांदा खरेदी करणाऱ्याचे लक्ष प्रथम त्याकडे जाते. मात्र अंगठीतील हिरा किती मोठा आणि किती तेजस्वी दिसेल, हे बऱ्याच अंशी त्याच्या कटवर ठरते. या लेखात सर्वाधिक प्रचलित असलेल्या गोल ब्रिलियंट घाटाच्या, म्हणजे ५७ किंवा ५८ पैलूंच्या नैसर्गिक हिऱ्याचा विचार केला आहे.

## कॅरट

कॅरट हे हिऱ्याच्या वजनाचे एकक असून १ कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. कॅरटच्या शंभराव्या भागास सेंट किंवा पॉइंट म्हणतात, त्यामुळे ०.५० कॅरटचा हिरा बाजारात ‘पन्नास सेंटचा’ म्हणून ओळखला जातो. मराठीत सोन्याच्या शुद्धतेलाही कॅरट हाच शब्द वापरला जातो, परंतु या दोन्हींचा परस्परसंबंध नाही. ‘१८ कॅरट’ अंगठी म्हणजे ७५ टक्के सोने असलेली अंगठी. तिच्यातील हिऱ्याच्या वजनाविषयी या आकड्यावरून काहीच कळत नाही.

हिऱ्याचा दर प्रति कॅरट सांगतात आणि तो वजनाच्या गटांनुसार बदलतो. ०.५०, ०.७०, ०.९० आणि १.०० कॅरट या टप्प्यांवर दर एकदम वाढतो. त्यामुळे ०.९९ आणि १.०० कॅरटच्या हिऱ्यांत डोळ्यांना कोणताही फरक दिसत नसला, तरी किमतीत लक्षणीय फरक असू शकतो. टप्पा गाठण्यासाठी काही हिरे मुद्दाम जाड ठेवून घडवले जातात. हे अधिकचे वजन हिऱ्याच्या खालच्या भागात किंवा कडेला राहते व कोंदणात बसवल्यावर वरून दिसत नाही.

दागिन्याच्या पावतीवर ‘एकूण हिरे वजन’ दिलेले असल्यास ते अनेक खड्यांची बेरीज असू शकते. दहा लहान हिरे मिळून १ कॅरट भरणारी अंगठी, त्याच दर्जाचा १ कॅरटचा एकच हिरा असलेल्या अंगठीपेक्षा बरीच स्वस्त असते. म्हणून मुख्य खड्याचे वजन पावतीवर स्वतंत्रपणे लिहून घेणे आवश्यक ठरते.

## कट

कट म्हणजे हिऱ्याचा बाह्य आकार नव्हे, तर त्याच्या पैलूंचे कोन, प्रमाण, समतोल आणि झिलई यांचा एकत्रित दर्जा. वरच्या सपाट पैलूला टेबल, त्याभोवतालच्या उतरत्या भागाला क्राउन, कडेच्या पट्ट्याला गर्डल आणि खालच्या निमुळत्या भागाला पॅव्हिलियन म्हणतात. वरून आत शिरलेला प्रकाश पॅव्हिलियनच्या पैलूंवर परावर्तित होऊन पुन्हा वर आला, तरच हिरा चमकतो. पॅव्हिलियन फार उथळ असल्यास प्रकाश खालून निसटतो आणि टेबलमधून गर्डलचे फिकट वर्तुळ माशाच्या डोळ्यासारखे दिसते. तो फार खोल असल्यास हिऱ्याचा मध्यभाग काळपट दिसतो. मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ साली गोल हिऱ्याच्या योग्य प्रमाणांचे गणित मांडले. आजचे कारागीर त्याच्या आसपासची, पण नेमकी तीच नव्हेत अशी, प्रमाणे वापरतात.

जीआयए २००६ पासून गोल ब्रिलियंट हिऱ्यास कटचे पाच दर्जे देते: एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर आणि पुअर. ओव्हल, पेअर इत्यादी घाटांच्या अहवालात सामान्यतः केवळ झिलई आणि समतोल यांची नोंद असते. असे हिरे प्रत्यक्ष पाहूनच निवडावे लागतात.

## रंग

रंगाची श्रेणी ‘डी’पासून (पूर्णतः रंगहीन) ‘झेड’पर्यंत (फिकट पिवळसर किंवा तपकिरी) जाते. डी, ई, एफ हे रंगहीन आणि जी, एच, आय, जे हे जवळजवळ रंगहीन मानले जातात. प्रयोगशाळेत सुटा हिरा पालथा ठेवून नमुना-खड्यांशी ताडून पाहतात, कारण वरून पाहताना चमकेमुळे रंगाची छटा झाकली जाते. अंगठीतील हिरा मात्र नेहमी वरूनच पाहिला जातो. त्यामुळे शेजारच्या दोन दर्जांतील फरक सामान्य माणसाला क्वचितच जाणवतो.

धातूचा परिणामही महत्त्वाचा आहे. प्लॅटिनम किंवा पांढऱ्या सोन्यात खड्याची पिवळसर छटा उठून दिसते, तर पिवळ्या सोन्याच्या कोंदणात ‘आय’ किंवा ‘जे’ दर्जाचा हिराही पांढरा वाटतो. पिवळ्या सोन्याच्या अंगठीसाठी ‘डी’ रंगाची जास्त किंमत मोजल्यास तिचा दृश्य लाभ फारसा मिळत नाही.

## शुद्धता

शुद्धता म्हणजे हिऱ्यातील नैसर्गिक खुणा, भेगा व स्फटिककण यांचे प्रमाण. ती दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली तपासून अकरा दर्जांत मांडतात: एफएल, आयएफ, व्हीव्हीएस १ व २, व्हीएस १ व २, एसआय १ व २, आणि आय १, २ व ३. यांपैकी व्हीएस २ पर्यंतच्या खुणा गोल हिऱ्यात नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. एसआय दर्जात मात्र खड्यागणिक फरक पडतो. टेबलच्या मध्यभागी काळा कण असलेला एसआय १ हिरा आणि कडेला पांढरी खूण असलेला एसआय १ हिरा कागदावर समान असले, तरी दिसण्यात समान नसतात.

खुणेची जागा टिकाऊपणाच्या दृष्टीनेही पाहावी लागते. गर्डलपर्यंत पोहोचणारी मोठी भेग कोंदणात बसवताना किंवा आघाताने वाढून टवका उडू शकतो.

## उदाहरण

पुढील दोन काल्पनिक हिरे ‘जी’ रंगाचे आणि व्हीएस १ शुद्धतेचे आहेत.

* पहिला हिरा: वजन १.०१ कॅरट, सरासरी व्यास ६.२५ मिमी, खोली ४.११ मिमी, गर्डल जाड, कट ‘गुड’.
* दुसरा हिरा: वजन ०.९३ कॅरट, सरासरी व्यास ६.२८ मिमी, खोली ३.८६ मिमी, गर्डल मध्यम, कट ‘एक्सलंट’.

खोलीला व्यासाने भागल्यास पहिल्याची खोली ६५.८ टक्के आणि दुसऱ्याची ६१.५ टक्के येते. पहिल्याचे जास्तीचे वजन खोलीत आणि जाड गर्डलमध्ये गेले आहे. वरून पाहता वजनाने हलका असलेला दुसरा हिराच किंचित मोठा आणि अधिक तेजस्वी दिसतो.

केवळ हिशेबासाठी ०.९० ते ०.९९ गटाचा दर प्रति कॅरट ४ लाख रुपये आणि १.०० कॅरटपुढील गटाचा ५ लाख रुपये धरला, तर दुसरा हिरा ३.७२ लाखांना आणि पहिला ५.०५ लाखांना पडतो. कमी दर्जाच्या कटमुळे पहिल्याच्या दरात काही सूट मिळाली, तरी ती १.३३ लाखांचा फरक भरून काढण्याइतकी असेलच असे नाही. १ कॅरटच्या चांगल्या घडणीच्या गोल हिऱ्याचा व्यास सुमारे ६.५ मिमी असतो. त्यामुळे अहवालातील मोजमापांवरून असे लपलेले वजन ग्राहकाला स्वतः ओळखता येते.

## प्रमाणपत्र

ज्याला व्यवहारात प्रमाणपत्र म्हणतात, तो प्रत्यक्षात प्रयोगशाळेचा परीक्षण अहवाल असतो. त्यात वजन, मोजमापे, दर्जे आणि केलेल्या प्रक्रिया यांची नोंद असते, किंमत नसते. मुंबईत जीआयए आणि इंटरनॅशनल जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट (आयजीआय) या दोन्ही संस्थांच्या प्रयोगशाळा आहेत. दर्जा ठरवण्याची कठोरता प्रयोगशाळेनुसार बदलते. त्यामुळे एकीचा ‘जी’ रंग दुसरीच्या ‘एच’ रंगाइतकाच असू शकतो. दोन हिऱ्यांच्या किमतींची तुलना एकाच प्रयोगशाळेच्या अहवालांवरून केली, तरच ती अर्थपूर्ण ठरते.

अहवाल आणि हिरा एकमेकांचेच आहेत, याची खात्री तीन टप्प्यांत करता येते. प्रथम अहवालाचा क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर भरून तेथील नोंद कागदाशी जुळवतात. त्यानंतर गर्डलवर लेसरने कोरलेला क्रमांक दहापट भिंगातून वाचतात. शेवटी सुट्या हिऱ्याचे वजन व व्यास मोजतात. कोंदणात बसवल्यावर हिऱ्याचे वजन करता येत नाही आणि गर्डलही अंशतः झाकला जातो. म्हणून ही तपासणी हिरा बसवण्यापूर्वी करणे श्रेयस्कर असते. तयार अंगठीच्या अहवालात दर्जे ‘कोंदणातून दिसते त्यानुसार’ दिलेले असतात आणि ते सुट्या हिऱ्याच्या अहवालाइतके काटेकोर नसतात.

सोन्यावरील हॉलमार्क आणि सहा वर्ण-अंकांचा एचयूआयडी क्रमांक केवळ सोन्याच्या शुद्धतेची हमी देतात. त्यांचा हिऱ्याच्या दर्जाशी संबंध नसतो.

## नैसर्गिक व प्रयोगशाळेत निर्मित हिरे

उच्च दाब व तापमानाच्या (एचपीएचटी) किंवा वायूपासून थर जमवण्याच्या (सीव्हीडी) पद्धतीने बनवलेले हिरेही रासायनिकदृष्ट्या खरे हिरेच असतात, परंतु त्यांची किंमत नैसर्गिक हिऱ्यांच्या तुलनेत बरीच कमी असते. दुकानातील उष्णतावहन मोजणारे साधे परीक्षक यंत्र दोन्हींना ‘हिरा’च दाखवते. मोइसनाइट हा वेगळा खडाही अशा यंत्रात हिरा म्हणून उत्तीर्ण होऊ शकतो. नैसर्गिक आणि निर्मित हिऱ्यांतील भेद प्रयोगशाळेतील उपकरणांनीच खात्रीने कळतो. म्हणून अहवालावर तसेच पावतीवर हिऱ्याचा उगम, अहवालाचा क्रमांक, मुख्य खड्याचे वजन, रंग आणि शुद्धता यांचा स्पष्ट उल्लेख असणे आवश्यक आहे. हिरा परत घेण्याच्या किंवा बदलून देण्याच्या अटी विक्रेत्यागणिक वेगळ्या असतात. त्या पावतीवर लिहिलेल्या नसल्यास पुढे त्यांचा आधार घेणे कठीण जाते.