नैवेद्याची वेळ, नैवेद्याचा खर्च

‘सेक्युलर’ हा शब्द राज्यघटनेत १९७६ साली आला, असे बहुतेक जण सांगतात. उद्देशिकेपुरते ते खरे आहे. पण अनुच्छेद २५(२)(क) मध्ये तो १९५० पासून आहे, आणि तिथे तो राज्याचे वर्णन करत नाही. धर्माचरणाशी निगडित आर्थिक, राजकीय ‘वा अन्य सेक्युलर’ व्यवहारांचे नियमन राज्याला करता येईल, एवढेच ते कलम म्हणते. म्हणजे सेक्युलर हा इथे धर्माबाहेरचा प्रांत नव्हे, तर धर्माच्या पोटातलाच एक भाग आहे, आणि तो कोणी वेगळा काढायचा याबद्दल कलम गप्प आहे. उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात (१९५४) नेमका हाच प्रश्न आला. धर्माचा अत्यावश्यक भाग नसलेले सर्व व्यवहार राज्याच्या कक्षेत येतात, हा ॲटर्नी जनरलांचा युक्तिवाद न्या. मुखर्जींनी इतक्या व्यापक रूपात नाकारला. पण ‘अत्यावश्यक’ हा निकष त्यांनी ठेवला आणि तो त्या धर्माच्याच सिद्धान्तांवरून ठरवावा असे म्हटले. पैसा लागतो म्हणून देवाला ठरावीक वेळी नैवेद्य दाखवणे सेक्युलर ठरत नाही, खर्चाचे प्रमाण मात्र प्रशासनाची बाब. एकाच ताटातून रेघ गेली ती अशी. पुढे इतका गाजलेला निकष मुळात फेटाळलेल्या युक्तिवादातून उचललेला आहे, हे मला त्याच्या कुळातले सर्वांत बोलके सत्य वाटते.

काही जण या निकषाचे मूळ आंबेडकरांच्या २ डिसेंबर १९४८ च्या संविधान सभेतील भाषणात शोधतात. माझ्या मते हे नाते वरवरचे आहे. श्रद्धा आणि स्वरूपानेच धार्मिक असलेले विधी यांपुरती धर्माची व्याख्या मर्यादित करावी, असे आंबेडकर म्हणत होते. त्यांचा रोख वैयक्तिक कायद्यांवर होता. विधी धार्मिक आहे का, हा त्यांचा प्रश्न. तो धर्माला अत्यावश्यक आहे का, हा न्यायालयाचा. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला न्यायाधीशाला शास्त्री व्हावे लागते. १९६१ च्या अजमेर दर्गा निकालात गजेंद्रगडकरांनी अंधश्रद्धेतून आलेल्या प्रथा वेगळ्या काढायला सांगितल्या आणि ही भूमिका पक्की झाली. धर्म आणि सेक्युलर एकमेकांना घडवतात, हे तलाल असद यांचे प्रतिपादन इथे निकालपत्रातच वाचायला मिळते.

यावर आक्षेप असा की ही चाळणी नसती तर मंदिरे दलितांना खुली कशी झाली असती? स्वामीनारायण सत्संगींच्या खटल्यात (१९६६) गजेंद्रगडकरांनी सत्संगींचा या प्रवेशाला असलेला विरोध हिंदू धर्माच्या खऱ्या शिकवणीच्या अज्ञानातून आल्याचे म्हटले. निकाल योग्यच होता, पण त्यासाठी खरा हिंदू धर्म कोणता हे सांगायची गरज नव्हती. सार्वजनिक स्वरूपाची हिंदू मंदिरे सर्व हिंदूंना खुली करण्याचा अधिकार अनुच्छेद २५(२)(ख) ने राज्याला स्पष्ट शब्दांत दिलेला आहे.