वू-वेई आणि स्टोइक स्वीकार

वू-वेई ही प्राचीन चीनमधील ताओ मतातील सहज कृतीची कल्पना असून स्टोइक स्वीकार ही ग्रीक-रोमन जगातील नीतिविचाराची एक शिकवण आहे. मन शांत ठेवून कसे जगावे, या प्रश्नाला दोन्ही उत्तर देतात. मात्र विचारशक्तीकडे सोपवलेले काम दोन्हींत वेगळे आहे.

वू-वेई म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. इ. स. पू. चौथ्या शतकातील च्वांग-त्झू याच्या नावावरील ग्रंथात डिंग नावाच्या खाटिकाची कथा येते. सामान्य खाटीक हाडांवर घाव घालतो, म्हणून त्याला दर महिन्याला सुरी बदलावी लागते. चांगल्या खाटिकाची वर्षभर टिकते. डिंगची सुरी मात्र 19 वर्षे वापरूनही नव्यासारखी आहे, कारण ती सांध्यांमधल्या मोकळ्या जागेतून फिरते. अवघड ठिकाण आले की तो हात मंदावतो, नजर स्थिर करतो आणि पाते जेमतेम हलवतो. ही सहजता त्याला वर्षानुवर्षांच्या सरावातून आलेली आहे, हे कथा वाचताना अनेकदा नजरेतून सुटते.

स्टोइक मताचे स्पष्ट विवेचन एपिक्टेटसने केले. आधी गुलाम असलेल्या या तत्त्वज्ञाने पुढे निकोपोलिस येथे पाठशाळा चालवली. त्याची शिकवण शिष्य अ‍ॅरियनने लिहून ठेवली. त्याच्या मते आपले निर्णय, इच्छा आणि तिटकारा आपल्या हाती असतात. शरीर, संपत्ती, लौकिक हाती नसतात. स्नानगृहाला निघालेल्याने तिथे पाणी उडेल, धक्काबुक्की होईल, चोरीही होईल, हे आधीच मनात आणावे आणि स्नानाबरोबर मनाचा तोलही राखायचा आहे, असे ठरवूनच बाहेर पडावे. प्रयत्न सोडायचा नसतो, फक्त फळावर हक्क सांगायचा नसतो.

दोन्हींतील अंतर मृत्यूच्या प्रसंगी उघड होते. एपिक्टेटस मुलाचे चुंबन घेतानाच ते मर्त्य आहे याची स्वतःला आठवण द्यायला सांगतो. म्हणजे दुःखाशी सामना ते येण्यापूर्वीच सुरू होतो, आणि तो बुद्धी करते. च्वांग-त्झूच्या ग्रंथात त्याची पत्नी वारल्यावर मित्र ह्वेइ-त्झू सांत्वनाला येतो, तर हा भांडे वाजवत गात बसलेला. मित्र रागावतो. आपल्यालाही आधी शोक झालाच, असे च्वांग-त्झू सांगतो. पण तिचा जन्म, आयुष्य आणि मृत्यू ऋतूंच्या फेऱ्यासारखेच आहेत हे जाणवल्यावर रडणे थांबले. इथे पूर्वतयारी नाही. शोक येतो आणि ओसरतो.

स्टोइकांच्या दृष्टीने विश्व विवेकाने चालते आणि माणसातील विवेक त्याचाच अंश आहे, म्हणून प्रत्येक प्रसंगी योग्य निवाडा करणे हाच शांतीचा मार्ग. च्वांग-त्झूला हे बरे-वाईट ठरवणारे निवाडेच अशांतीचे मूळ वाटतात. त्यामुळे दोन्ही मार्ग एकच आहेत, असे लोकप्रिय पुस्तकांतून होणारे समीकरण टिकत नाही. व्यवहारातही त्यांच्या मर्यादा वेगळ्या आहेत: डिंगची सहजता ज्या कामात हात मुरला आहे तिथेच लाभते, तर एपिक्टेटसची पद्धत अनोळखी संकटातही वापरता येते, पण तिला मनावर सततचा पहारा लागतो.