साठ्याचे पुनर्मूल्यांकन (ईआरपीमधील)

गोदामातील मालाचे नग किंवा वजन तेच ठेवून हिशोबातील त्याचा प्रति एकक दर बदलणे. कच्च्या मालाचे भाव झपाट्याने चढले किंवा कोसळले की याची गरज पडते, विशेषतः प्रमाण किंमत वापरणाऱ्या कारखान्यांत. सॅपमध्ये हा बदल MR21 या व्यवहाराने हाताने करता येतो. दर बदलताच हातातील सगळ्या साठ्यावर फरकाची नोंद आपोआप पडते, आणि खरा धोका तिथेच असतो.

उदाहरणार्थ, एका तारनिर्मात्याकडे ५०० किलो तांबे आहे. त्याचा प्रमाण दर आणि मूळ खरेदीचा दरही ७०० रुपये. मार्चमध्ये त्याने आणखी ५०० किलो ८५० रुपयांनी घेतले. प्रणाली हा मालही ७०० नेच साठ्यात घेते आणि वरचे ७५,००० रुपये खरेदी किंमत-फरक खात्यात टाकते. ३१ मार्चला प्रमाण दर ८५० केला, तर १,००० किलोंवर १,५०,००० रुपये साठ्यात वाढतात आणि तेवढीच रक्कम पुनर्मूल्यांकन खात्यात जमा होते. यातील निम्मी रक्कम किंमत-फरकाची भरपाई आहे, म्हणजे प्रत्यक्ष मोजलेला पैसा. उरलेले ७५,००० हा जुन्या तांब्याचा केवळ कागदावरचा नफा.

एप्रिलमध्ये हे सगळे तांबे वापरून तार विकली गेली, तर विक्रीत मालाच्या खर्चात तांब्यापोटी ८,५०,००० रुपये लागतात. प्रत्यक्ष खर्च मात्र ७,७५,०००. दोन्ही महिने एकत्र धरले तर बेरीज बरोबर येते. पण मार्चचा नफा ७५,००० ने फुगतो, एप्रिलचा तेवढाच घटतो, आणि मध्ये आर्थिक वर्ष उलटते. म्हणून ताळेबंद जुळला म्हणजे नोंद बरोबर, असे समजणाऱ्या लेखापालाला ही चूक दिसत नाही.

इंड-एएस २ नुसार साठा परिव्यय किंवा निव्वळ वसुली मूल्य यांपैकी जे कमी असेल त्यावर दाखवावा लागतो, आणि प्रमाण किंमत प्रत्यक्ष परिव्ययाच्या जवळ असेल तरच चालते. त्यामुळे कागदी ७५,००० वर्षअखेरीस वेगळ्या समायोजन खात्याद्वारे साठ्यातून वजा करतात आणि माल विकला जाईल तसे विक्रीत मालाच्या खर्चातून कमी करतात. हे काम बहुतेक ठिकाणी प्रणालीबाहेर, एक्सेलमध्ये होते आणि पुढच्या वर्षी उलटी नोंद करायची राहून जाते.

भाव पडल्यावर नियम सरळ उलटत नाही. तांब्यापासून होणारी तार परिव्ययाइतक्या किंवा त्याहून जास्त भावाने विकली जाणार असेल, तर तांब्याचे मूल्य उतरवले जात नाही.

चालत्या सरासरीच्या पद्धतीत वरील साठ्याचा दर थेट ७७५ येतो आणि पुनर्मूल्यांकनाची गरज सहसा उरत नाही. तिथली अडचण उशिरा आलेल्या बिलाची. समजा, ५०० किलो ७०० दराने जमा झाले, ४०० किलो वापरले गेले, गोदामात फक्त १०० किलो उरले आणि मग ८५० चे बिल आले. तर सॅप ७५,००० पैकी १५,००० साठ्यावर चढवते आणि ६०,००० किंमत-फरक खात्यात टाकते. महिनाअखेरीस या खात्यातील मोठी शिल्लक कोणत्या मालाची, हे पाहिल्याशिवाय त्या महिन्याचा विक्रीत मालाचा खर्च खरा मानता येत नाही.