पीएलसीतील घड्याळ आणि वेळापत्रक

यंत्रे ठरल्या वारी, ठरल्या वेळी चालू-बंद करण्यासाठी पीएलसीतील अंतर्गत घड्याळाचा (आरटीसी) उपयोग करतात. लहान कंट्रोलरमध्ये त्यासाठी साप्ताहिक टायमर तयार मिळतो. वार, चालू वेळ आणि बंद वेळ भरली की काम होते. मोठ्या पीएलसीत हीच तुलना प्रोग्राममध्ये लिहावी लागते. खरी अडचण मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीची आणि सुट्टीची असते.

समजा, कंप्रेसर रात्रपाळीसाठी २२:०० ते ०६:०० चालवायचा आहे आणि साप्ताहिक सुट्टी रविवारी आहे. ‘रविवारी बंद’ असा सरळ नियम लिहिला, तर शनिवारी रात्री सुरू झालेली पाळी बाराच्या ठोक्याला तुटते आणि सहा तासांची हवा जाते. १५ ऑगस्टलाही तेच होते: १४ तारखेची पाळी अर्ध्यावर थांबते. यावर उत्तम उपाय म्हणजे घड्याळातून सहा तास वजा करून ‘पाळीचा दिवस’ काढणे. मग २२:०० चे १६:०० होतात, ०६:०० चे ००:०० होतात आणि अख्खी पाळी एकाच तारखेत बसते. सीमेन्स एस७-१२०० मध्ये ते असे लिहिता येते:

```
#ret := RD_LOC_T(#now);
#w := T_SUB(IN1 := #now, IN2 := T#6H);
#run := (#w.HOUR >= 16) AND
        (#w.WEEKDAY <> 1) AND NOT #holiday;
```

येथे `WEEKDAY` मध्ये रविवार १ असतो. `#holiday` ठरवतानाही तारीख `#w` मधलीच घ्यावी, `#now` मधली नव्हे. ‘बरोबर २२:०० वाजता सुरू कर’ असेही लिहू नये. त्या क्षणी वीज गेलेली असेल, तर ती रात्र वाया जाते. ‘या वेळेत आहे का’ ही तुलना मात्र वीज परतताच लागू होते.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या सुट्ट्या प्रोग्राममध्ये कायमच्या ठेवता येतात. सणांचे तसे नाही. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. म्हणून सणांच्या तारखांचा तक्ता स्क्रीनवरून भरता यावा आणि दरवर्षी तो भरायची जबाबदारी कुणा एकाकडे असावी. चालू वर्षाची एकही नोंद नसेल, तर अलार्म द्यावा.

रात्रीचा कंप्रेसर पहाटे ०३:३० ला सुरू होऊ लागला, तर स्थानिक वेळेऐवजी `RD_SYS_T` वापरले गेले असावे. ही सूचना जागतिक प्रमाणवेळ देते आणि ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. एस७-१२०० चे घड्याळ वीज नसताना कपॅसिटरवर साधारण २० दिवस टिकते, उष्ण पॅनेलमध्ये त्याहून कमी. त्यापुढे वेळ पुसली जाते. वर्ष उघड चुकीचे दिसले, तर वेळापत्रक थांबवून ऑपरेटरला हाताने चालवू द्यावे आणि घड्याळ लावल्यावरच ते पुन्हा सुरू करावे.