लिंक्डइनवरील नोकरीशोध प्रोफाइल

लिंक्डइन या व्यावसायिक संपर्काच्या अॅपवर नोकरी शोधण्यासाठी केलेली मांडणी. मे 2003 मध्ये सुरू झालेली ही सेवा 2016 पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीची आहे. या मांडणीत प्रोफाइल, जॉब अलर्ट आणि रेझ्युमे असे तीन भाग असतात. एक भाग भरला की बाकीचे आपोआप जुळतील, असे बहुतेकांना वाटते, पण तसे होत नाही. अर्जासोबत जोडलेला रेझ्युमे प्रोफाइलमधला अनुभव बदलत नाही आणि अलर्टला त्या रेझ्युमेतला मजकूर दिसत नाही.

उदाहरणादाखल चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातला तरुण घेऊ. मेकॅनिकल डिप्लोमा, तपासणी विभागात चार वर्षे, आणि आता क्वालिटी इंजिनिअरची जागा हवी. त्याने काही विशेष केले नाही, तर नावाखालच्या ओळीत, म्हणजे हेडलाइनमध्ये, सध्याचे पद आणि कंपनी एवढेच दिसते. भरतीचे काम करणारी व्यक्ती मात्र पदाच्या नावाने आणि कौशल्याने शोध घेते. म्हणून ही ओळ हाताने लिहावी लागते:

`Quality Engineer | CMM, PPAP, SPC | Auto Components`

हेडलाइनला 220 अक्षरांची मुभा आहे, पण मोबाइलच्या पडद्यावर सुरुवातीचेच शब्द दिसतात. त्यामुळे पद आधी यावे. ‘मेहनती’, ‘संधीच्या शोधात’ हे शब्द कुणी शोधत नाही, त्यांनी जागा अडवू नये. अनुभवाच्या भागात कोणते भाग तपासले, कोणत्या यंत्रावर, ग्राहकाच्या तक्रारींचा 8D अहवाल स्वतः लिहिला की फक्त माहिती पुरवली, हे स्पष्ट लिहावे. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

हा तरुण सध्या नोकरीत असल्याने पुढची पायरी नाजूक आहे. `Open to work` चालू करताना दोन पर्याय मिळतात. सर्व सदस्यांना दाखवायचे ठरवले, तर फोटोभोवती हिरवी चौकट येते आणि ती साहेबांनाही दिसते. `Recruiters only` निवडल्यास चौकट येत नाही, शिवाय सध्याच्या कंपनीच्या भरती विभागापासून ही माहिती दडवण्याचा प्रयत्न लिंक्डइन करते. पूर्ण गुप्ततेची हमी मात्र लिंक्डइन स्वतःही देत नाही. कंपनीचे नाव प्रोफाइलमध्ये हाताने टाइप न करता तिच्या अधिकृत पानाशी जोडलेले असावे, नाहीतर कोणापासून लपवायचे हेच प्रणालीला कळणार नाही. प्रोफाइलमधले बदल ओळखीच्यांना कळवण्याचा पर्यायही दुरुस्तीच्या दिवसांत बंद ठेवावा.

अलर्ट लावताना सर्वात जास्त गफलत पदाच्या नावात होते. ‘क्वालिटी इंजिनिअर’ शोधले, की पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या जागाही भराभर येतात, कारण त्या क्षेत्रातही हेच पद आहे. असा अलर्ट आठवडाभरात दुर्लक्षित होतो. शोध आधी गाळावा, निकालांची पहिली दोन पाने वाचावीत, आणि मगच अलर्टचे बटण दाबावे:

`"Quality Engineer" NOT software`

NOT मोठ्या अक्षरांतच लागते. ठिकाण म्हणून फक्त पुणे न घेता पिंपरी-चिंचवडसह पुणे परिसर निवडल्यास चाकण, तळेगावकडच्या जागा सुटण्याची शक्यता कमी होते. ‘सप्लायर क्वालिटी’ किंवा ‘क्वालिटी अश्युरन्स’ यांसाठी वेगळा अलर्ट लावावा. वारंवारता रोजची ठेवावी, कारण काही जाहिराती अर्जांची गर्दी झाली की लवकर बंद होतात.

रेझ्युमे पीडीएफ किंवा वर्ड फाइलमध्ये चढवता येतो. दोन रकान्यांचे रंगीत साचे माणसाला छान दिसतात, पण कंपन्यांच्या संगणकांवर त्यातला मजकूर अनेकदा उलटसुलट वाचला जातो. स्कॅन केलेल्या कागदातून तर काही वाचले जाईल याचीही खात्री नसते. तपासणी सोपी आहे: पीडीएफमधला सगळा मजकूर निवडून कॉपी करावा आणि साध्या नोटपॅडमध्ये चिकटवावा. तिथे अनुभवाच्या तारखा भलत्याच कंपनीखाली गेल्या असतील, तर साचा बदलावा. `Easy Apply` ने अर्ज करताना पूर्वी चढवलेली फाइल आपोआप निवडलेली असू शकते. पाठवण्याआधी तिचे नाव पाहावे. रेझ्युमे प्रोफाइलच्या `Featured` भागात लावल्यास तो सर्वांसाठी खुला होतो. त्या प्रतीवर घरचा पत्ता, जन्मतारीख, मोबाइल क्रमांक नसावा. आधार क्रमांक तर कोणत्याच प्रतीवर नसावा.

अलर्टमधून आलेली प्रत्येक जाहिरात खरी असेलच असे नाही. नोंदणी, प्रशिक्षण किंवा लॅपटॉपच्या नावाखाली पैसे मागितले, किंवा मुलाखतीआधीच बँकेचा तपशील विचारला, तर तिथेच थांबावे आणि जाहिरातीची तक्रार नोंदवावी. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील करिअर विभागात तीच जागा आहे का, हे पाहायला दोन मिनिटे पुरतात. पैसे गेल्यावर ते परत मिळवणे फार कठीण असते.